१.०५ : एका दरपत्रकाचे वाचन

औषधांच्या घाऊक व्यापारात ‘किंमत’ हा शब्द एकवचनी वापरता येत नाही. एकाच गोळ्यांच्या एकाच पाकिटाला, म्हणजे बाजारात जिला स्ट्रिप म्हणतात तिला, एकाच वेळी निदान तीन किमती असतात. पहिली पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, जिच्यात कर धरलेला असतो. दुसरी पीटीआर, म्हणजे घाऊक व्यापारी ज्या दराने किरकोळ औषधविक्रेत्याला माल देतो तो दर. तिसरी पीटीएस, म्हणजे कंपनी किंवा तिचा डेपो ज्या दराने स्टॉकिस्टला, अर्थात घाऊक व्यापाऱ्याला, माल देतो तो दर. शेवटच्या दोन्ही किमती बहुतेक याद्यांत करविरहित लिहिलेल्या असतात आणि कर बिलात वेगळा लागतो. या ‘बहुतेक’ शब्दात किती धोका दडलेला आहे, हे नागपूरच्या गंजीपेठेतील एका घाऊक औषधपेढीच्या खरेदी टेबलावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिसून आले, आणि प्रस्तुत लेखन त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

गंजीपेठेतला संदेश दवा बाजार ही विदर्भाच्या औषधव्यापाराची मोठी पेठ आहे. वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर येथील किरकोळ दुकानदारांचा माल येथून जातो, आणि दुकानदार फोनवर भाव विचारतो तेव्हा त्याला जो आकडा सांगितला जातो तो पेढीच्या संगणकातल्या ‘आयटम मास्टर’मधून येतो. आयटम मास्टर म्हणजे पेढी विकते त्या प्रत्येक वस्तूची सूची, जिच्यात वस्तूचे नाव, मात्रा, पॅकिंग, कराचा दर आणि वर सांगितलेल्या तिन्ही किमती असतात. ही सूची कंपन्यांच्या दरपत्रकांवरून चालते. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ प्रमाणे उत्पादकाने आपली दरयादी ठरावीक नमुन्यात विक्रेत्यांना पुरवायची असते, आणि चालू दरयादीतली किंमत व पाकिटावरची किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा अधिक दराने ग्राहकाला औषध विकता येत नाही. म्हणून ईमेलला जोडून आलेली दरयादी वेळेवर आणि बरोबर वाचणे, ही घाऊक पेढीच्या दृष्टीने व्यापारी सोय तर आहेच, पण तिच्याखाली असलेल्या दुकानदाराला कायदा पाळता यावा यासाठीही ते आवश्यक ठरते.

३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या छपन्नाव्या बैठकीत बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा, आणि निवडक जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे काढण्याचा निर्णय झाला, व तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या सोमवारपासून, लागू व्हायचा होता. राष्ट्रीय औषधी मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने उत्पादकांना सुधारित दरयाद्या काढण्यास सांगितले आणि बाजारात आधीच गेलेल्या मालावर नवे लेबल लावणे बंधनकारक ठेवले नाही, मात्र विक्री नव्या किमतीनेच झाली पाहिजे असे स्पष्ट केले. याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की कपाटातल्या पाकिटावर जुनी किंमत छापलेली असताना ते कोणत्या किमतीला विकायचे हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे ईमेलमधून आलेली दरयादी. एरवी महिन्याभरात जेवढ्या याद्या येत, त्याहून अधिक याद्या त्या पंधरवड्यात आल्या, आणि बऱ्याचशा शेवटच्या तीनचार दिवसांत आल्या.

या बदलामागचे गणित सरळ आहे, आणि पुढचा सगळा प्रकार समजण्यासाठी ते एकदा सावकाश पाहून घ्यावे लागते. ज्या पाकिटाची छापील किंमत ११२ रुपये आहे आणि कर १२ टक्के आहे, त्याची करविरहित किंमत १०० रुपये. सरकारी किंमत-नियंत्रणाच्या अनुसूचीत नसलेल्या औषधावर बाजारातील रूढीप्रमाणे किरकोळ विक्रेत्याला २० टक्के सूट, म्हणून पीटीआर ८० रुपये, आणि त्यावर स्टॉकिस्टला १० टक्के, म्हणून पीटीएस ७२ रुपये. कर ५ टक्के झाला की छापील किंमत १०५ रुपये होते, परंतु करविरहित १०० रुपये तसेच राहतात, आणि म्हणून पीटीआर ८० व पीटीएस ७२ हेही तसेच राहतात. थोडक्यात, त्या पंधरवड्यातल्या निकोप यादीत एमआरपीचा रकाना ११२ ला १०५ या प्रमाणात, म्हणजे ०.९३७५ पटीने, खाली यायला हवा होता, आणि उरलेले दोन रकाने जागचे हलायला नको होते.

पेढीने ईमेल वाचण्याचे काम त्याच्या काही महिने आधी एका लहानशा प्रोग्रामकडे सोपवले होते. दर अर्ध्या तासाला तो खरेदीची मेलपेटी उघडे, ओळखीच्या पत्त्यांवरून आलेले ईमेल वेगळे काढी, त्यांना जोडलेल्या फाइली जशाच्या तशा एका फोल्डरात ठेवी आणि मग त्यांच्या प्रतीवर काम करी. मूळ फाइल न बदलता जपून ठेवण्याची सवय पुढे फार उपयोगी पडली, कारण वादाच्या वेळी ‘आम्ही काय वाचले’ आणि ‘त्यांनी काय पाठवले’ हे शेजारी ठेवून पाहता येते. तीच यादी डेपोकडून एकदा, कंपनीच्या प्रतिनिधीकडून दुसऱ्यांदा आणि मुख्य कार्यालयाकडून तिसऱ्यांदा येणे हे नेहमीचेच असल्यामुळे प्रत्येक फाइलचा एक ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखक्रमांक, नोंदवला जाई, आणि तोच ठसा पुन्हा दिसला की ती फाइल बाजूला पडे. एकही अक्षर बदलले तर ठसा बदलतो, म्हणून नाव तेच पण आतील आकडे वेगळे अशी दुरुस्त यादी मात्र नवी म्हणून पुढे येई.

वाचनातल्या अडचणी याद्यांच्या स्वरूपाप्रमाणे वेगळ्या होत्या. एक्सेलमध्ये आलेली यादी सोपी वाटते, परंतु पॅकिंगच्या रकान्यात कोणी `10-10` असे लिहिले असेल तर एक्सेल तिला तारीख समजून `10-Oct` करून टाकते, आणि दहा पाकिटांचा डबा ऑक्टोबर महिन्यात हरवतो. पीडीएफमध्ये अक्षरे खरी असतील तर रकाने सरकण्याचा धोका असतो, आणि कागद स्कॅन करून पाठवला असेल तर दशांशचिन्ह गळून ८४.०० चे ८४०० होण्याचा. अशा चुका आकाराने मोठ्या असल्यामुळे सहसा लक्षात येतात.

नावांची जुळवणी हा अधिक नाजूक भाग होता. कंपनीच्या यादीत औषधाचे नाव एका प्रकारे लिहिलेले असते आणि पेढीच्या सूचीत दुसऱ्या प्रकारे, आणि दोन नावांतील अक्षरांचे साम्य मोजून जुळवणी करणाऱ्या पद्धतीला २५० मिलिग्रॅम आणि ५०० मिलिग्रॅम यांतला फरक फक्त दोन आकड्यांचा वाटतो, तर ‘टॅब’ आणि ‘टॅबलेट’ यांतला फरक मोठा वाटतो. म्हणून पेढीत असा नियम होता की मात्रा, औषधाचे रूप आणि पॅकिंग हे तिन्ही तंतोतंत जुळल्याशिवाय साम्य कितीही असले तरी जुळवणी आपोआप मान्य होणार नाही. पहिल्यांदा ती औषधांची जाण असलेला माणूस करेल, आणि त्याने एकदा केलेली जुळवणी कंपनीच्या वस्तुक्रमांकासह कायम नोंदवली जाईल. त्याचप्रमाणे यादीत एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती बंद झाली असे मानायचे नाही, कारण अनेक याद्या पुरवणी स्वरूपाच्या असतात आणि त्यांत फक्त बदललेल्या वस्तू असतात. हे दोन्ही नियम टिकले आणि त्यांत बदल करावा लागला नाही. चूक निघाली ती नंतरच्या पायरीत, जिच्यावर सर्वांचा अधिक भरवसा होता.

वाचलेले दर थेट आयटम मास्टरमध्ये जात नसत. ते आधी एका मधल्या तक्त्यात उतरत, आणि तेथे प्रत्येक वस्तूची जुनी किंमत, नवी किंमत व टक्केवारीतला फरक शेजारी शेजारी दाखवला जाई. खरेदीचे काम पाहणारे ज्येष्ठ सहकारी तो तक्ता पाहून मान्यता देत, आणि मगच बदल लागू होत. सगळ्या ओळी डोळ्यांखालून घालणे शक्य नसल्यामुळे दहा टक्क्यांहून मोठा फरक असलेल्या ओळी लाल होत आणि सर्वांत वर येत. दहा हा आकडा मनाने घेतलेला नव्हता. अनुसूचीबाहेरच्या औषधाची एमआरपी बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, या २०१३ च्या आदेशातील तरतुदीवरून तो आलेला होता. दुसरी एक तपासणी सुटीच्या टक्केवारीची होती. पीटीआर हा करविरहित छापील किमतीच्या २० टक्के किंवा १६ टक्के खाली असला पाहिजे, नाहीतर ओळ लाल व्हायची. सोळा टक्के ही अनुसूचीतल्या, म्हणजे सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या, औषधांची रूढी. आदेशाच्या सूत्रात हे सोळा टक्के पीटीआरवर धरलेले आहेत, तर अनेक कंपन्यांच्या यादीत ते छापील किमतीवर काढलेले दिसतात, आणि पेढीची तपासणी या दुसऱ्या पद्धतीवर बेतलेली होती.

२२ सप्टेंबरच्या आदल्या शनिवारी एका पुरवठादाराची यादी आली. दोनशेहून अधिक ओळी, स्वच्छ एक्सेल, पहिल्या ओळीत लागू होण्याची तारीख, वस्तुक्रमांक सगळे जुळणारे. एमआरपीचा रकाना अपेक्षेप्रमाणे ०.९३७५ पटीने खाली आलेला होता. फरक एवढाच होता की पीटीआर आणि पीटीएस या दोन रकान्यांतले आकडे त्या वेळी पहिल्यांदाच करासह दिलेले होते. मथळ्याच्या ओळीत त्याचा उल्लेख नव्हता. तो दोनशे ओळींच्या खाली, यादी संपल्यानंतरच्या तळटिपेत, एका ओळीत होता, आणि प्रोग्राम तळटिपा वाचत नव्हता. आपल्या उदाहरणातल्या पाकिटाचा पीटीआर त्यामुळे ८० ऐवजी ८४ म्हणून वाचला गेला. वाढ पाच टक्के, म्हणजे दहाच्या आत. ओळ लाल झाली नाही. त्या दिवशी लाल ओळींचा ढीग वेगळाच होता, कारण १२ टक्क्यांवरून करमुक्त झालेल्या औषधांची एमआरपी १०.७१ टक्क्यांनी आणि १८ वरून ५ वर आलेल्या केसतेल, टूथपेस्टसारख्या वस्तूंची ११.०२ टक्क्यांनी उतरली होती, आणि हे दोन्ही बदल अगदी योग्य असूनही दहाची रेघ ओलांडत होते. मान्यता देणाऱ्याचा सगळा वेळ योग्य ओळी तपासण्यात गेला.

सुटीच्या टक्केवारीची तपासणी येथे हाताशी होती, आणि तिने ही चूक पकडायला हवी होती. ती का पकडली गेली नाही, हे कळले तेव्हा टेबलावरच्या माणसांनी कागदावर गणित दोनदा करून पाहिले. करविरहित छापील किंमत १०० रुपये असताना २० टक्के सूट दिलेला पीटीआर ८० येतो, आणि त्यावर ५ टक्के कर चढवला की ८४ होतात. दुसरीकडे १०० रुपयांवर १६ टक्के सूट दिली तरीही ८४ च होतात. म्हणजे कर ५ टक्के असताना, अनुसूचीबाहेरच्या औषधाचा करासह पीटीआर आणि अनुसूचीतल्या औषधाचा करविरहित पीटीआर हे तंतोतंत एकच असतात. पूर्वीच्या १२ टक्के करात तोच आकडा ८९.६० झाला असता आणि तपासणीत अडकला असता. कराचा नवा दर आल्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींवर बेमालूम बसल्या. वीस किंवा सोळा, यांपैकी कोणतेही चालेल असे म्हणणाऱ्या तपासणीला ती यादी अनुसूचीतल्या औषधांची वाटली आणि तिने ती पुढे जाऊ दिली.

सोमवारी बिले निघू लागली. ज्या दुकानदाराला ते पाकीट ८० रुपये अधिक ५ टक्के कर, म्हणजे ८४ रुपयांना, पडायला हवे होते, त्याला ते ८४ अधिक ५ टक्के, म्हणजे ८८ रुपये २० पैशांना पडले. ग्राहकाकडून त्याला १०५ च घ्यायचे असल्यामुळे त्याच्या हातात २१ रुपयांऐवजी १६ रुपये ८० पैसे उरले. सरकारने कर कमी केला त्याच दिवशी दुकानदाराची मिळकत घटलेली दिसावी, हे चमत्कारिक होते. दुपारी वर्ध्याहून एका दुकानदाराचा फोन आला. “भाऊ, कर कमी झाला, एमआरपी कमी झाली, हे समजलं, पण आमचं मार्जिन कुठं गेलं?” असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एका पाकिटाचा हिशेब केला होता, आणि पेढीच्या दोन तपासण्यांना व एका मान्यतेला जे दिसले नाही ते त्यांना त्या एका भागाकारात दिसले होते. संध्याकाळपर्यंत त्या पुरवठादाराच्या मालाची बिले शोधून क्रेडिट नोटा, म्हणजे जादा घेतलेली रक्कम परत दाखवणारे कागद, काढण्यात आल्या.

पुरवठादाराने तळटिपेत लिहिले होते, हे नाकारता येत नाही. आणि मान्यता देणाऱ्याने घाई केली असेही म्हणता येत नाही, कारण त्याच्यापुढे जे मांडले होते ते त्याने नीट पाहिले होते. दोष मांडणीचा होता. एक एक ओळ दाखवून ‘हा बदल मान्य आहे का’ असे विचारले, तर प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पटण्यासारखी असते. ८० चे ८४ होणे यात अशक्य काहीच नाही. अशक्य होते ते दोनशे ओळींचे एकाच वेळी, तिसऱ्या दशांशापर्यंत, १.०५० पट होणे. कंपनी भाव वाढवते तेव्हा कुठे दोन टक्के, कुठे सात, कुठे काहीच नाही अशी वाढ होते, कारण प्रत्येक औषधाची स्पर्धा आणि खर्च वेगळा असतो. सगळी यादी एकाच पटीने हलली तर त्यामागे बाजार नसतो. एखादा नियम तरी असतो, किंवा वाचणाऱ्याने रकान्याचा अर्थ चुकीचा घेतलेला असतो. आणि यांपैकी कोणते, हे बहुतेक वेळा त्या पटीच्या आकड्यावरूनच ओळखू येते.

टक्केवारीची रेघ या कामासाठी मुळातच किती अपुरी होती, हे मागच्या वर्षांकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट झाले. अनुसूचीतल्या औषधांच्या कमाल किमती दर वर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलता येतात. २०२३ मध्ये ही वाढ १२.१२१८ टक्के होती, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य, आणि २०२५ मध्ये १.७४०२८ टक्के. दहाची रेघ २०२३ च्या एप्रिलमध्ये लावली असती तर पूर्ण वाढ घेतलेल्या, कायदेशीर असलेल्या सगळ्या ओळी लाल झाल्या असत्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लावली तेव्हा चुकीच्या सगळ्या ओळी हिरव्या राहिल्या. फरकाचा आकार सांगतो तो फक्त फरक किती आहे. तो कशामुळे आला, हे त्यातून कळत नाही.

म्हणून पुनरीक्षणाची पायरी, म्हणजे बदल लागू होण्याआधी माणसाने पाहण्याची पायरी, नव्याने रचताना ओळींच्या आधी संपूर्ण फाइलचा एक छोटा गोषवारा दाखवण्याचे ठरले. मधल्या तक्त्यावर चालणारी पुढील विचारणा त्याच्या मुळाशी आहे. ती प्रत्येक फाइलमध्ये नव्या व जुन्या पीटीआरची पट काढते आणि कोणती पट किती ओळींत आली ते मोजते.

```
SELECT source_file,
       ROUND(new_ptr / NULLIF(old_ptr, 0), 3),
       COUNT(*)
FROM price_staging
GROUP BY 1, 2
ORDER BY 3 DESC;
```

तीच विचारणा एमआरपीसाठीही चालवली जाते. उत्तर सहसा पाचसात ओळींचे असते आणि एका नजरेत मावते. १.००० च्या खूप ओळी आणि बाकी विखुरलेल्या, हे निकोप यादीचे चित्र. पीटीआरमध्ये १.०५० किंवा १.१२० चा मोठा गठ्ठा दिसला तर कर आत धरला गेला आहे. १०.००० दिसले तर पाकिटाऐवजी दहा पाकिटांच्या डब्याचा भाव आला आहे, आणि ०.१०० दिसले तर याच्या उलट. ०.९०० चा गठ्ठा म्हणजे पीटीएसचा रकाना पीटीआर म्हणून वाचला गेला असण्याची दाट शक्यता. एमआरपीत सप्टेंबर २०२५ मध्ये ०.९३८ हीच पट अपेक्षित होती, आणि ती न दिसणे हीच शंकेची बाब होती. लहान किमतीच्या वस्तूंत पैशांच्या पूर्णांकनामुळे पट थोडी इकडेतिकडे सरकते, म्हणून दहा रुपयांखालच्या वस्तू वेगळ्या मोजाव्या लागतात. आणि पुरवणी यादीत पाचदहाच ओळी असतील तर गठ्ठा दिसण्याइतक्या ओळी नसतात, तेथे ही पद्धत फारशी उपयोगाची नाही.

सुटीची तपासणीही बदलली. वीस किंवा सोळा असा पर्याय न ठेवता, प्रत्येक वस्तूपुढे ती अनुसूचीतली आहे की नाही हे आयटम मास्टरमध्येच नोंदवले गेले आणि सूट त्या वस्तूच्या स्वतःच्या पूर्वीच्या सुटीशी ताडली जाऊ लागली. शिवाय पीटीएस आणि पीटीआर यांचे आपसातले प्रमाण पाहिले जाऊ लागले. चुकलेल्या यादीत पीटीएस ७५ रुपये ६० पैसे वाचला गेला होता, जो ८४ च्या ०.९० पट आहे. खरोखर अनुसूचीतले औषध असते तर स्टॉकिस्टची रूढ सूट आठ टक्के, म्हणजे हे प्रमाण ०.९२, आणि पीटीएस ७७ रुपये २८ पैसे असायला हवा होता. किरकोळ विक्रेत्याला सोळा आणि स्टॉकिस्टला दहा अशी जोडी पेढीच्या कोणत्याही यादीत नसते. पुरावा त्याच फाइलमध्ये, शेजारच्या रकान्यात होता, आणि दोन रकाने एकमेकांशी बोलते केले असते तर तो तेव्हाच दिसला असता.

मान्यता देणाऱ्याला विचारायचा प्रश्नही बदलला, आणि या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा बदल तोच वाटतो. पूर्वी प्रश्न किमतीविषयी होता. आता पहिला प्रश्न वाचनाविषयी असतो. पडद्याच्या डाव्या बाजूला मूळ यादी, तळटिपांसह, जशी आली तशी उघडी असते, उजव्या बाजूला गोषवारा असतो, आणि ‘हा रकाना करविरहित आहे, हा भाव एका पाकिटाचा आहे, ही तारीख लागू होण्याची आहे’ ही तीन विधाने वाचून माणसाने स्वतः खूण करायची असते. एखाद्या विधानाची खात्री नसेल तर फाइल थांबते आणि डेपोला फोन जातो. ओळींकडे वळायचे ते यानंतर. याला तीनचार मिनिटे लागतात, आणि पूर्वी लाल ओळी पाहण्यात अर्धा तास जात असे.

मान्यता मिळाल्यानंतर बदल लागू करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. जुना आकडा पुसून त्यावर नवा लिहायचा नसतो. नवा दर त्याच्या लागू तारखेसह नव्या नोंदीत जातो, कारण २१ तारखेचे बिल नंतर दुरुस्त करायची वेळ आली तर त्या दिवशीचा दर हाती असावा लागतो. आणि मान्यता ही ‘८० चे अमुक करा’ अशी, म्हणजे जुन्या आकड्यासह बांधलेली असते. दुपारी मान्यता दिली आणि संध्याकाळी दुसरी दुरुस्त यादी लागू होऊन जुना आकडाच बदलला, तर रात्री लागू होणारी पहिली मान्यता रद्द समजली जाते आणि ती ओळ परत माणसापुढे येते. सगळी फाइल एकत्र लागू होते किंवा अजिबात होत नाही. अर्धी यादी नवी आणि अर्धी जुनी ही अवस्था दुकानदाराला फोनवर समजावून सांगणे कोणालाच जमलेले नाही. एमआरपीच्या बाबतीत त्या वेळी आणखी एक काम निघाले, ते म्हणजे कपाटातल्या प्रत्येक बॅचपुढे नोंदलेली छापील किंमत तशीच ठेवून विक्रीची कमाल किंमत वेगळ्या रकान्यात धरणे, कारण पाकिटावर ११२ आणि बिलात १०५ असा माल बरेच दिवस जाणार होता.

त्या पुरवठादाराच्या नावापुढे ‘पीटीआर व पीटीएस करासह, १.०५ ने भागून घ्यावे’ अशी नोंद करण्यात आली, आणि प्रोग्राम त्याच्या याद्या आपोआप भागून घेऊ लागला. पुढची यादी आली तेव्हा तिचा मथळा तोच होता, रकाने त्याच क्रमाने होते, आणि शेवटची तळटीप मात्र गेलेली होती. इतर स्टॉकिस्टांनीही तक्रार केल्यामुळे असेल, पुरवठादार पुन्हा करविरहित आकड्यांवर आला होता. प्रोग्रामने नोंदीप्रमाणे ८० ला १.०५ ने भागले आणि ७६ रुपये १९ पैसे असा पीटीआर मधल्या तक्त्यात उतरवला. ही घट पाच टक्क्यांच्याही आत होती. गोषवाऱ्यात पहिल्याच ओळीला ०.९५२ ही पट आणि तिच्यापुढे दोनशेहून मोठा आकडा दिसला, आणि फाइल तेथेच थांबली. डेपोला फोन गेला, नोंद खोडली गेली, आणि तिच्या जागी कोणताही नियम न लिहिता फक्त त्या दोन याद्यांच्या तारखा लिहून ठेवण्यात आल्या.